अकाउंट्सची हँडओव्हर नोट कशी लिहायची?

प्रश्न: चाकणला एका छोट्या मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत अकाउंट्स बघतो, ३० सप्टेंबर शेवटचा दिवस. माझ्या जागी आतलीच एक कलीग येतेय, ती आत्तापर्यंत फक्त बिलिंग बघायची. साहेब म्हणाले हँडओव्हर नोट बनव. सगळं टॅली आणि एक्सेलमध्ये आहेच, मग नोटमध्ये वेगळं काय लिहू? कुठून सुरुवात करू?

उत्तर:

टॅली आणि एक्सेलमध्ये जे आहे ते नोटमध्ये लिहूच नका, ते तिला सापडेल. नोटमध्ये तुमच्या डोक्यात, तुमच्या मोबाईलमध्ये आणि तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जे आहे ते यायला पाहिजे, कारण ३० तारखेला तेवढंच कंपनीच्या गेटबाहेर जाणार आहे. बहुतेक लोक नोट म्हणून स्वतःच्या कामांची यादी देतात, जीएसटी रिटर्न, टीडीएस, पीएफ, व्हेंडर पेमेंट, बँक रिको वगैरे वगैरे, ती म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन झालं आणि ते एचआरकडे आधीपासून असतं.

सुरुवात तारखांपासून करा. ती १ ऑक्टोबरला खुर्चीत बसणार, तेव्हा तिचा पहिला महिना कसा जाणार हे डोळ्यासमोर आणायचं आणि त्याच क्रमाने लिहायचं. ७ ऑक्टोबरला सप्टेंबरचा टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, १४ ला टू-बी येतो, १५ ला पीएफ आणि ईएसआयसी, २० ला थ्री-बी, महिनाअखेर प्रोफेशनल टॅक्स आणि ३१ ऑक्टोबरला जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न. ह्या तारखा तिला कोणीही सांगेल, त्यामुळे प्रत्येक तारखेपुढे ही माहिती लिहा की त्या कामासाठी लागणारा माल कुठून येतो, कोणाकडून येतो आणि साधारण कधी येतो. म्हणजे पीएफसाठी हजेरी एचआरकडून येते, ती ३ तारखेला येते असं सगळे म्हणतात पण खरी ६ ला येते आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोरांची वेगळ्या शीटमध्ये येते, हे जर खरं असेल तर हेच लिहायचं. नाहीतर ती ३ तारखेपासून वाट बघत बसेल आणि १४ ला धावपळ करेल.

आता स्टेटस. ह्यात सगळ्यात वाईट शब्द म्हणजे 'चालू आहे'. 'फॉलोअप चालू आहे', 'प्रोसेसमध्ये आहे', 'व्हेंडरशी बोलणं झालंय', ह्यातून वाचणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. प्रत्येक अर्धवट कामापुढे चार गोष्टी लिहा, कुठपर्यंत झालंय, त्याचा पुरावा कुठे आहे, पुढची स्टेप कोणाच्या हातात आहे आणि किती तारखेपर्यंत नाही झालं तर त्रास होईल. झालेल्या कामाला पुरावा म्हणजे चलन नंबर किंवा एआरएन आणि फाइलचा पूर्ण पाथ. 'ऑगस्टचं थ्री-बी भरलं' एवढं पुरत नाही, एआरएन लिहा आणि भरताना पोर्टलवरचा आकडा आणि टॅलीतला आकडा जुळत नव्हता का तेही लिहा. जुळत नसेल तर किती रुपयांचा फरक होता आणि तो कशामुळे हे फक्त तुम्हालाच माहीत असतं आणि जानेवारीत सीए ऑफिसमधून फोन आला की तिची पाचावर धारण बसते.

एक उदाहरण पूर्ण लिहून दाखवतो, कारण हा प्रकार जवळपास प्रत्येक कंपनीत असतो. समजा एका व्हेंडरचं पेमेंट होल्डवर आहे. नोटमध्ये लोक लिहितात, 'फिक्श्चरवाल्याचं पेमेंट होल्ड आहे, प्रॉडक्शनला विचारणे.' आता नवीन माणूस ह्यावर काय करणार, विचारेल, प्रॉडक्शनवाले म्हणतील बघतो, आणि भिजत घोंगडं तसंच पडून राहील. हेच असं लिहा:

'फिक्श्चरचं बिल, तारीख २२ मे, ६४,००० अधिक जीएसटी ११,५२० मिळून ७५,५२०. चारपैकी एका फिक्श्चरचं माप चुकलंय, क्वालिटीचा रिपोर्ट सर्व्हरवर व्हेंडर फोल्डरमध्ये आहे. बिलाची पूर्ण एंट्री झाली, क्रेडिटही घेतलं, पेमेंट शून्य. प्रॉडक्शन मॅनेजरने व्हेंडरला तोंडी सांगितलंय की एकाचे १६,००० कापू आणि बाकीचं देऊ, पण मेल नाही. व्हेंडरकडून क्रेडिट नोट यायची आहे, ती आल्याशिवाय पैसे सोडू नये असं साहेबांचं म्हणणं. बिलापासून १८० दिवस १८ नोव्हेंबरला होतात. तोपर्यंत पेमेंट नाही झालं तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट उलटवावं लागेल. पुढची स्टेप: ५ ऑक्टोबरपर्यंत प्रॉडक्शन मॅनेजरकडून मेलवर कन्फर्मेशन घे, मग व्हेंडरला क्रेडिट नोट मागता येईल.'

वाचायला एक मिनिट लागतं, पण तिला कोणालाही फोन न करता कळतं की घाई कशाची आहे आणि कोणाच्या मागे लागायचं आहे. १८० दिवसांची तारीख मोजून लिहिली हे मुद्दाम, नवीन माणूस आल्या आल्या होल्डच्या यादीतली बिलं कधीची आहेत हे बघायला जात नाही.

आणि इथेच तोंडी कबुलीचा विषय येतो. जाण्याआधी अर्धा तास शांत बसा आणि आठवा की तुम्ही, साहेबांनी किंवा प्रॉडक्शनवाल्यांनी कोणाला काय काय शब्द दिलाय. अमक्याला दिवाळीच्या आधी निम्मं पेमेंट करतो म्हणून सांगितलंय, तमक्या ट्रान्सपोर्टवाल्याचा डिटेंशनचा क्लेम पुढच्या बिलात अ‍ॅडजस्ट करू म्हटलंय, एका कामगाराचा अ‍ॅडव्हान्स तीन हप्त्यांत कापायचं ठरलंय. ह्यातलं काहीही टॅलीत नाही. १ तारखेपासून ही सगळी मंडळी तिला फोन करणार आणि 'आधीच्या साहेबांनी कबूल केलं होतं' असं सांगणार, त्यातले निम्मे खरं बोलत असतील आणि निम्मे तुमच्या नावावर खपवत असतील. त्यामुळे दिलेले शब्द लिहा आणि त्याखाली एक ओळ स्पष्ट टाका की ह्याशिवाय मी कोणालाही काही कबूल केलेलं नाही. ती ओळ तिच्या फार कामाची.

पुढचं म्हणजे जे अजून घडलेलं नाही पण घडायच्या बेतात आहे ते. हा भाग अनुभवी माणूससुद्धा विसरतो कारण स्टेटस म्हटलं की आपल्याला फक्त अडकलेलं दिसतं. उदाहरण देतो. एक प्रोप्रायटर आहे, शेडची रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती करतो. एप्रिलपासून त्याची चार बिलं झाली, २४,०००, २१,०००, २६,००० आणि २१,०००, एकूण ९२,०००. एकही बिल ३०,००० च्या वर नाही आणि वर्षाची बेरीज १ लाखाच्या आत म्हणून टीडीएस कापलेला नाही, आणि ते बरोबरच आहे. आता ऑक्टोबरमध्ये त्याचं १८,००० चं बिल आलं की बेरीज १,१०,००० होते, लिमिट ओलांडली, आणि आता टीडीएस फक्त ह्या १८,००० वर नाही तर पूर्ण १,१०,००० वर, प्रोप्रायटर म्हणून १ टक्का, म्हणजे १,१०० रुपये, आणि ते सगळे ह्याच बिलातून कापायचे. तिला माहीत नसेल तर ती १८,००० चं छोटं बिल बघून आधीसारखंच टीडीएस न कापता पास करेल. मग तिमाही रिटर्नच्या वेळी किंवा ऑडिटला ते निघतं, पैसे तर व्हेंडरला गेलेले, ते परत मिळाले तर मिळाले नाहीतर कंपनीच्या खिशातून आणि वर व्याज. त्यामुळे नोटमध्ये अशा सगळ्या पार्ट्यांची नावं आणि आत्तापर्यंतची बेरीज लिहा, लेजर काढून बघितलंत तर यादी चार-पाच नावांच्या वर जाणार नाही. आणि हेही लिहा की व्हेंडर फोन करून भांडेल, '१८ हजारावर अकराशे कसे कापले', तेव्हा त्याला पूर्ण वर्षाचा हिशोब पाठवायचा, रिफंड करायचा नाही.

आता धोक्याच्या जागा. इथे लोक एकतर काहीच लिहीत नाहीत किंवा 'जीएसटी काळजीपूर्वक करणे' असलं काहीतरी लिहून हात झटकतात. धोका असा लिहायचा की तिला समोर काय दिसेल, त्याचा अर्थ काय आणि मग काय करायचं. पोर्टल २० तारखेला स्लो असतं हे तिला माहीत आहे, ते लिहून कागद भरू नका. तुमच्याच कंपनीत, तुमच्याच व्हेंडरांबाबत जे होतं ते लिहा.

उदाहरणार्थ टू-बी. १४ ऑक्टोबरला ती सप्टेंबरचा टू-बी उघडेल, परचेस रजिस्टरशी जुळवेल आणि बऱ्याच बिलांचं क्रेडिट त्यात सापडणार नाही, उलट काही जुलैची बिलं सापडतील जी तिच्या सप्टेंबरच्या यादीत नाहीत. घाबरायचं कारण नाही. बरेचसे छोटे व्हेंडर तिमाही रिटर्नवाले असतात, ५ कोटींपर्यंत टर्नओव्हर असलेल्यांना ती सोय आहे. पहिल्या दोन महिन्यांची बिलं ते आयएफएफमधून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाकू शकतात पण टाकलीच पाहिजेत असं नाही. नाही टाकली तर जुलैचं बिल थेट सप्टेंबरच्या टू-बीमध्ये दिसतं, म्हणजे ऑक्टोबरच्या १४ ला. आता हे ज्याला माहीत नाही तो काय करतो, जुलैचं बिल दिसत नाही म्हणून ऑगस्टमध्ये व्हेंडरचं पेमेंट थांबवतो, शिव्या खातो, आणि ऑक्टोबरमध्ये क्रेडिट आल्यावर ते आधी घेतलंय का नाही ह्याचा घोळ घालतो. म्हणून व्हेंडरच्या यादीत एक कॉलम करा, मासिक का तिमाही, आणि तिमाहीवाल्यांपुढे लिहा तो आयएफएफ टाकतो का नाही. ज्याने तिमाही संपल्यावरही टाकलं नाही त्याच्यामागे मात्र लागायचंच, आणि पेमेंट थांबवायचं असेल तर ते तिथे.

दुसरं, एकाच पार्टीची दोन लेजरं. टॅलीत तुमच्याकडे नक्की असेल, तोच व्हेंडर, एक पुण्याचा आणि एक गुजरातचा, नाव सारखंच, फक्त शेवटी काहीतरी लावलेलं. पुण्याच्या जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे २७ आणि गुजरातचे २४. बिल चुकीच्या लेजरला पडलं की सीजीएसटी-एसजीएसटीच्या जागी आयजीएसटी लागतो, टू-बीशी जुळत नाही आणि लेजरचं बॅलन्स एकीकडे उलटं दिसतं, म्हणजे व्हेंडरकडूनच येणं निघतं. लेजर उलटं दिसलं की आधी जुळ्या लेजरमध्ये बघ, एवढी एक ओळ लिहिलीत तर तिची एक पूर्ण संध्याकाळ वाचते. अशा जोड्या कोणत्या ते नावासकट लिहा.

बाकीचे धोके तुम्हीच शोधा, युक्ती सोपी आहे. मागच्या सहा महिन्यांचे तुमचे पाठवलेले मेल उघडा आणि ज्यांत 'सॉरी', 'करेक्शन', 'रिव्हाइज्ड' किंवा 'कृपया आधीचा मेल दुर्लक्षित करा' असे शब्द आहेत ते शोधा. तुमच्या कामात गाडी कुठे घसरते ते त्यात बरोबर सापडतं.

कॉन्टॅक्ट्सबद्दल. नाव आणि नंबर असलेली यादी म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी, तिचा उपयोग कमी. प्रत्येकापुढे लिहा कशासाठी फोन करायचा आणि कशासाठी करायचा नाही. सीए ऑफिसमध्ये आर्टिकल बदलत राहतात, त्यामुळे आर्टिकलच्या मोबाईलसोबत ऑफिसचा नंबर आणि मेलही द्या. बँकेत रिलेशनशिप मॅनेजर वेगळा आणि काउंटरच्या मागे जो खरं काम करतो तो वेगळा, दोघं लिहा. व्हेंडरकडे पैशाचा निर्णय मालक घेतो का त्याचा भाऊ घेतो, फोन उचलतो का व्हॉट्सअ‍ॅपलाच उत्तर देतो, हे लिहा. पण माणसांबद्दल मत लिहू नका. 'हा माणूस चिकट आहे' असं लिहिलेली नोट कधीतरी फॉरवर्ड होते आणि त्याच माणसापर्यंत पोचते. 'पेमेंटच्या दिवशी सकाळपासून फोन करतो, यूटीआर पाठवला की थांबतो' असं लिहा, अर्थ तोच आणि उपयोगही होतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं विसरू नका. ट्रान्सपोर्टचा ग्रुप, सीए ऑफिसचा ग्रुप, बँकेचा ग्रुप, ह्यांतल्या एखाद्याचे अ‍ॅडमिन फक्त तुम्ही असाल. तिला आत्ताच अ‍ॅड करा, अ‍ॅडमिन करा, आणि १ तारखेपासून ही बघेल असा मेसेज टाका. शेवटच्या दिवशी संध्याकाळी नको, आठवडाभर आधी, म्हणजे लोकांना सवय होते आणि तुम्ही ऑफिसात असतानाच तिला फोन यायला लागतात.

आता सगळ्यात डोक्याला ताप देणारी गोष्ट, ओटीपी. छोट्या कंपन्यांत काय होतं, कधीतरी रजिस्ट्रेशन करताना जो समोर होता त्याचा मोबाईल आणि मेल टाकला जातो आणि तो तसाच राहतो. तुम्ही गेलात, ७ ऑक्टोबरला तिने लॉगिन केलं, ओटीपी तुमच्या फोनवर आणि तुम्ही नव्या ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये. म्हणून आजच बसून एक तक्ता करा, जीएसटी पोर्टल, इनकम टॅक्सचं टॅनचं लॉगिन, ट्रेसेस, ईपीएफओ, ईएसआयसी, प्रोफेशनल टॅक्स, ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल, बँक. प्रत्येकापुढे युजर आयडी, ओटीपी कोणत्या नंबरवर आणि कोणत्या मेलवर जातो, आणि तो बदलला का. पासवर्ड मात्र नोटमध्ये लिहायचा नाही, ती नोट चार जणांना मेल होणार आहे. पासवर्ड कुठे ठेवलेत आणि कोणाकडून घ्यायचे एवढंच लिहा, आणि ३० तारखेला तिच्यासमोर सगळे बदला.

मोबाईल बदलताना शक्यतो तिचाही वैयक्तिक नंबर टाकू नका, कंपनीचं एक सिम घ्या आणि अकाउंट्सचा कॉमन मेल आयडी करा, नाहीतर ती जाताना हेच परत. जीएसटी पोर्टलवर हा बदल नॉन-कोअर अमेंडमेंटमध्ये होतो, पण त्यातही ओटीपी आणि सही लागते, म्हणजे डायरेक्टर साहेब शहरात पाहिजेत. डीएससीचा डोंगल कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि त्याची मुदत कधी संपते ते लिहा, संपलेला डीएससी नेमका रिटर्नच्या दिवशीच कळतो. आणि तो डोंगल साहेबांच्या नावाचा असतो, त्याचा पिन तुम्ही परस्पर तिला द्यायचा नाही, साहेबांना सांगा, त्यांना द्यायचा असेल तर ते देतील.

बँकेचं सगळ्यात आधी सुरू करा. नवीन मेकर युजर काढायला फॉर्म, रिझोल्यूशन, केवायसी, काय काय मागतात आणि त्यात दिवस जातात. ३० ला तुमचं लॉगिन बंद झालं आणि तिचं आलं नसेल तर सप्टेंबरचा पगार कोण टाकणार?

लांबी किती असावी असं पुढे विचाराल म्हणून सांगतो, तीन-चार पानं. पहिल्या पानावर फक्त ऑक्टोबरच्या तारखा आणि अर्धवट कामं, बाकी सगळं मागे. तारीख घाला, वर लिहा 'स्थिती ३० सप्टेंबर दुपारी ४ पर्यंतची', कारण २० तारखेला लिहिलेलं स्टेटस ३० ला शिळं झालेलं असतं आणि वाचणाऱ्याला ते कळत नाही.

लिहून झालं की लगेच मेल करू नका. तिला नोट द्या आणि एखादं छोटं काम तिच्याकडून करून घ्या, म्हणजे एखादं टीडीएस चलन बनवणं किंवा ऑगस्टच्या टू-बीची जुळवणी, तुम्ही बाजूला बसायचं पण माउसला हात लावायचा नाही आणि तिने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. ती जिथे थांबेल, जे विचारेल, ते लगेच नोटमध्ये घाला. ती बिलिंगमधून येतेय म्हणजे जीएसटीआर-१ ची बाजू तिला तुमच्याइतकीच येत असेल, तिथे दोन ओळी पुरतात. खरेदी, टीडीएस आणि पीएफ तिला नवीन, वेळ तिकडे द्या.

शेवटच्या मेलमध्ये नोट तिला आणि साहेबांना दोघांना पाठवा, होल्डवरचे पेमेंट आणि दिलेले शब्द हे दोन भाग साहेबांकडून 'वाचलं, बरोबर आहे' असं उत्तर येईपर्यंत सोडू नका. आणि गेल्यानंतर फोन किती दिवस आणि कोणत्या वेळेत उचलाल तेही लिहून टाका, म्हणजे उदाहरणार्थ २० ऑक्टोबरचं थ्री-बी होईपर्यंत, संध्याकाळी सातनंतर, आधी मेसेज करून.